गोल्ड मिनीत स्टॉप लॉस नेमका कुठे लावायचा? (भांडवल दोन लाख, वैतागलोय)

कर्वेनगरकर
नमस्कार मंडळी. चाकणला एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. २०२५ च्या ऑगस्टपासून एमसीएक्सवर सोन्यात थोडं थोडं करतोय. बाजूला काढलेले दोन लाख आहेत, एवढेच, त्यात भर घालणार नाही असं बायकोला सांगितलंय.

मी गोल्ड मिनीचा एक लॉट घेतो. जास्त नुकसान नको म्हणून स्टॉप दोनशे रुपयांवर, म्हणजे भाव तेवढा खाली आला की आपोआप विक्री. मिनीत भाव एक रुपया हलला की दहा रुपये, म्हणजे स्टॉप लागला तर दोन हजार गेले. दोन लाखांचा एक टक्का. सगळीकडे एक टक्काच सांगतात ना?

आतापर्यंत अकरा सौदे झाले. सातांत स्टॉप लागला आणि चारांत फायदा. गेले चौदा हजार, आले साडेपंधरा हजार, खर्च वजा जाता हातात भोपळा. पण मला त्रास त्याचा नाही. सातापैकी निदान चार-पाच वेळा तरी स्टॉप लागल्यावर त्याच संध्याकाळी भाव मी म्हणत होतो तिकडेच गेला. कुणीतरी माझी ऑर्डर बघत बसलंय असं वाटायला लागलंय.

तर स्टॉप किती लांब ठेवायचा? की ठेवायचाच नाही?

खडकीचा_खडूस
तुमच्या दोन हजारांसाठी कुणी ऑर्डर बघत बसलं असेल तर त्याचा पगार निघत नसणार.

पर्वती_पायथा
वाचतेय. माझाही हाच प्रश्न, फक्त चांदीत. चांदीचं तर विचारूच नका.

सारसबाग_ट्रेडर
कर्वेनगरकर, चूक अगदी सोपी आहे. एक टक्का हा नियम बरोबर, पण तुम्ही तो नीट लावत नाही. सोनं १,२२,००० धरलं तर त्याचा एक टक्का १,२२०. स्टॉप तिथे हवा. मी गेली दोन वर्षं हेच करतो. खरेदीच्या भावापासून एक टक्का खाली स्टॉप आणि दोन टक्के वर टार्गेट. डोकं लावायचंच नाही.

कर्वेनगरकर
@सारसबाग_ट्रेडर, पण मिनीत १,२२० चा स्टॉप म्हणजे बारा हजार दोनशे गेले की हो. माझ्या दोन लाखांतले सहा टक्के!

सारसबाग_ट्रेडर
हो, पण तो क्वचित लागतो.

खडकीचा_खडूस
हेल्मेटसुद्धा क्वचितच लागतं. लागतं तेव्हा मात्र डोकं असावं लागतं. (ह. घ्या.)

आकडेमोड
दोघंही एक टक्काच म्हणताय, पण दोन वेगळ्या गोष्टींचा. सारसबाग भावाचा एक टक्का धरतायत आणि कर्वेनगरकर भांडवलाचा. भांडण तिथेच आहे. मी बँकेत ट्रेझरीत होते, आता निवृत्त आहे, त्यामुळे जरा लांबण लावते, सांभाळून घ्या.

स्टॉप कुठे असावा हे बाजार ठरवतो. तुम्हाला किती नुकसान परवडतं याच्याशी बाजाराला काही देणंघेणं नाही. सध्या सोनं दिवसाला दहा ग्रॅममागे दीड-दोन हजारांची चाल सहज करतं. एखाद्या दिवशी हजार, एखाद्या दिवशी अडीच हजार. त्यात दोनशेचा स्टॉप लावणं म्हणजे लक्ष्मी रोडवर गणपतीच्या गर्दीत उभं राहून कुणी धक्का देऊ नये म्हणण्यासारखं आहे. तो धक्का तुम्हाला उद्देशून नसतोच. तुमचा अंदाज बरोबर असला तरी लागणारच.

मग परवडायचं कसं? तिथे तुमच्या हातात एकच गोष्ट उरते, सोनं किती ग्रॅम घ्यायचं ती. तुम्ही मिनी आधी ठरवलीत, म्हणजे शंभर ग्रॅम. मग दोन हजारांत बसावा म्हणून स्टॉप आवळत आवळत दोनशेवर आणलात. गाडी घोड्याच्या पुढे जुंपलीत. आधी स्टॉप, मग ग्रॅम.

आणि एक गृहपाठ. ज्या सात वेळा स्टॉप लागला, त्या प्रत्येक वेळी स्टॉप लागल्यावर भाव तुमच्या विरुद्ध आणखी किती गेला आणि मग वळला का, हे चार्टवर बघून लिहा. आठवणीवर जाऊ नका. माणसाला चुकलेली गाडी आठवते, न आलेली आठवत नाही.

सुमेधाची_आई
चांगला धागा काढलात. मला पण विचारायचंच होतं. माझ्या सासूबाईंच्या पाटल्या मोडून नवीन करायच्या आहेत आणि दुकानदार म्हणतो अडीच ग्रॅम लॉस जाईल. हा लॉस स्टॉप करता येतो का? लक्ष्मी रोडवर कुणी कमी लॉस लावणारं आहे का?

बटाटावडा
ताई, या प्रश्नाला दंडवत.

सारसबाग_ट्रेडर
सुमेधाची आई, हा धागा वायद्याचा आहे हो. तुमचा तो घट.

रविवार_पेठ
हसू नका, प्रश्न खरा आहे. ताई, मोडीत घट निघतो तो डाग, लाख, मेण आणि कमी टंचाचा. वजन बघून अडीच ग्रॅम सांगू नका म्हणावं. आधी मशीनवर टंच काढायला लावा, मग तुमच्या समोर वितळवून लगडीचं वजन करायला सांगा. वितळवण्याआधी आणि नंतर, दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून घ्या. जो समोर वितळवायला नाही म्हणेल तिथून उठा.

आता धाग्याबद्दल. आमचं तीन पिढ्यांचं काम सोन्याचं. आम्ही वायद्यात स्टॉप लावत नाही. कधीच नाही.

पर्वती_पायथा
बघा! सराफ स्टॉप लावत नाहीत आणि आपण लावत बसतो.

रविवार_पेठ
पुढचं ऐका की. आमच्याकडे तिजोरीत माल असतो. समजा शंभर ग्रॅम सोनं विकत घेतलं आणि दागिना विकला जाईपर्यंत महिना जाणार, तर आम्ही एक मिनी विकून ठेवतो. भाव चढला तर वायद्यात तोटा, पण तेवढाच फायदा तिजोरीत. तिथे स्टॉप लावला तर वायदा सुटेल आणि माल उघडा पडेल. म्हणून आम्हाला स्टॉप नको. ज्याच्या तिजोरीत काही नाही त्याने आमचं बघून शिकू नये. आमच्याच गल्लीतल्या एकाने हेच बघून स्टॉपशिवाय मिनी घेतली होती. माल नव्हता, नुसता वायदा. नुकसान होत गेलं तसा आणखी घेत गेला, सरासरी खाली आणतो म्हणे. आता त्याचं दुकान भाड्याने दिलंय.

कर्वेनगरकर
आकडेमोड ताई, गृहपाठ केला. रात्री साडेबारापर्यंत चार्ट बघत बसलो. सात पैकी पाच खरोखर वळले. स्टॉप लागल्यानंतर नाही, खरेदीच्या भावापासून मोजलं तर सगळ्यात खाली गेले ते असे: ३५०, ४२०, ६००, ७००, ९५०. उरलेले दोन वळलेच नाहीत, दीड हजाराच्या पार गेले आणि तिथेच बसले.

म्हणजे हजारावर स्टॉप असता तर पाच वाचले असते. बरोबर?

आकडेमोड
छान. आता तुमच्याच आकड्यांवर करू.

हजाराचा स्टॉप दहा ग्रॅममागे, म्हणजे ग्रॅममागे शंभर. परवडणारं नुकसान दोन हजार. दोन हजार भागिले शंभर, वीस ग्रॅम. पण स्टॉप लागतो तो नेमका लिहिलेल्या भावाला लागेलच असं नाही, शिवाय दलाली, सीटीटी, जीएसटी असतं. त्यासाठी दीड-दोनशे बाजूला काढले की अठरा ग्रॅम उरतात. पेटल एक ग्रॅमचा असतो, म्हणजे अठरा पेटल. किंवा गिनी आठ ग्रॅमची, त्या दोन, म्हणजे सोळा. किंवा २०२५ च्या एप्रिलपासून दहा ग्रॅमचा गोल्ड टेन आलाय, त्याचा एक. भागाकारात उरेल ते सोडून द्यायचं, वरच्या आकड्याला पूर्ण करायचं नाही.

तुम्ही घेत होता शंभर ग्रॅम. म्हणजे साडेपाच पट जास्त.

आणखी एक सांगते. हजार हा आकडा तुम्ही आता मागे वळून बघून काढलात. अकरा सौद्यांवरून तो खरा मानू नका. पुढच्या महिन्यात सोन्याची चाल निम्मी झाली तर हजार फार लांब होईल, दुप्पट झाली तर जवळ. म्हणून मी स्वतः गेल्या चौदा दिवसांची सरासरी चाल बघते, चार्टवर एटीआर म्हणून मिळते. सोमवारी सकाळी बघून आठवड्याचा स्टॉप ठरवते आणि ग्रॅम पुन्हा मोजते. चाल वाढली की ग्रॅम कमी. एवढंच.

कर्वेनगरकर
हे पटलं, पण एक शंका. चार सौद्यांत मिळून मला साडेपंधरा हजार आले होते, ते शंभर ग्रॅमवर. अठरा ग्रॅमवर ते पावणेतीन-तीन हजारांच्या आतच राहिले असते. मग एवढी धडपड कशाला? एफडी काय वाईट?

खडकीचा_खडूस
शेवटी पुणेकर शुद्धीवर आला.

आकडेमोड
खोटं कशाला बोलू, दोन लाखांत सोन्याच्या वायद्यातून घर चालत नाही. पण तुमचा हिशोब अर्धा आहे. वाचलेल्या पाच सौद्यांचा फायदा तुम्ही धरलाच नाहीत. तो किती असता हे मलाही सांगता येणार नाही, कारण तुम्ही कुठे बाहेर पडला असता ते कुणाला माहीत.

दुसरी बाजू बघा. सारसबागसारखा १,२२० चा स्टॉप आणि एक मिनी, म्हणजे दर वेळी बारा हजार दोनशे. ओळीने पाच वेळा चुकलात, आणि अकरात सात वेळा चुकणाऱ्या माणसाला ते अवघड नाही, तर दोन लाखांचे एक लाख एकोणचाळीस हजार उरतात. दहा वेळा चुकलात तर अठ्ठ्याहत्तर हजार. तिथून मूळ पदावर यायला भांडवल अडीच पटीहून जास्त करावं लागतं. एक टक्क्याने दहा वेळा चुकलात तर एक लाख ऐंशी हजार उरतात, आणि महत्त्वाचं म्हणजे अकरावा सौदा शांत डोक्याने करता येतो.

सारसबाग_ट्रेडर
ताई, माझं भांडवल नऊ लाख आहे. मी एकच मिनी घेतो. मग माझं काय चुकलं?

आकडेमोड
नऊ लाखांत बारा हजार म्हणजे सव्वा-दीड टक्का. तुमचं फारसं चुकलेलं नाही. पण तुमचा सल्ला त्यांना चालला नसता. तुमचा नियम बरोबर निघाला तो भांडवलामुळे, एक टक्क्याच्या जागेमुळे नाही. आणि सोन्याची चाल वाढली तर तोच एक टक्का तुम्हालाही जवळ पडेल.

सारसबाग_ट्रेडर
हम्म. दोन वर्षं चाललंय ते बदलणार नाही, पण मुद्दा समजला.

बटाटावडा
पेटलवरून आठवलं, माझा पराक्रम ऐका. मिनीची सवय होती, पहिल्यांदा पेटल घेतले, पंधरा. स्टॉप 'हजार खाली' असा डोक्यात बसलेला. पेटलचा भाव एका ग्रॅमचा असतो हे विसरलो आणि १२,२०० च्या भावाला ११,२०० चा स्टॉप टाकला. म्हणजे दहा ग्रॅममागे दहा हजार! तीन दिवस मी निवांत झोपलो, स्टॉप लावलाय म्हणून. नशीब चांगलं, भाव वर गेला.

गिनीचं तर आणखी वेगळं, तिचा भाव आठ ग्रॅमचा. ९७,६०० वगैरे दिसतो आणि स्वस्त झालं की काय असं वाटतं.

आकडेमोड
फार कामाची चूक सांगितलीत. म्हणून स्टॉप वहीत ग्रॅममागे लिहायचा. ग्रॅममागे शंभर असेल तर पेटलला शंभर, गिनीला आठशे, मिनी नि टेनला हजार. आणि स्टॉपची जागा ज्याचा सौदा त्याच्याच चार्टवरून घ्या. मुदत वेगळी असली की पेटलचा नि मिनीचा भाव थोडा वेगळा असतो. लांबच्या महिन्याचा पेटल तर घेऊच नका, तिथे खरेदी-विक्रीच्या भावात इतकं अंतर असतं की घेताक्षणी नुकसान दिसतं.

हडपसरचा_बाळ्या
एवढे कष्ट कशाला? मोबाइलवर ते परदेशी अॅप आहे त्यात एक्सएयूयूएसडी, म्हणजे डॉलरमधलं सोनं मिळतं. लॉट ०.०१ इतका छोटा. पाच हजारांत चालू होतं. माझा मावसभाऊ करतो.

आकडेमोड
०.०१ लॉट म्हणजे एक औंस, म्हणजे एकतीस ग्रॅम. कर्वेनगरकरांना अठरा झेपतात. तो लहान दिसतो, लहान नाही. दुसरं, असल्या अॅपवर भारतात राहून व्यवहार करणं परकीय चलनाच्या फेमा कायद्यात बसत नाही, रिझर्व्ह बँकेने अशांची इशारा-यादीच काढली आहे. तुमचे पैसे अडकले तर तक्रार कुठे करणार?

हडपसरचा_बाळ्या
मावसभावाला सांगतो. तसाही त्याचा फोन हल्ली लागत नाही.

रात्रपाळी
हिंजवडीतून. सगळे स्टॉप 'कुठे' यावर बोलताय, तो 'असतो का' यावर कुणीच बोलत नाही. दिवाळीचं सांगतो.

२१ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन. एमसीएक्सचं मुहूर्त ट्रेडिंग दुपारी पावणेदोन ते पावणेतीन, एकच तास. शुभ म्हणून गोल्ड टेनचे दोन लॉट घेतले. बाराशेचा स्टॉप, जीटीटी करून ठेवला, म्हणजे रोज टाकायला नको. त्या रात्री जगाच्या बाजारात सोनं पाच टक्क्यांहून जास्त कोसळलं. आपलं मार्केट बंद. मी फराळ खात मोबाइलवर नुसतं बघतोय. दुसऱ्या दिवशी पाडवा, सकाळचं सत्र बंद, उघडलं संध्याकाळी पाचला, ते थेट माझ्या स्टॉपच्या खूप खाली.

आता खरी गंमत. जीटीटीचा ट्रिगर लागला, विक्रीची ऑर्डर गेली, पण ती होती लिमिट ऑर्डर. ट्रिगरच्या शंभर रुपये खाली लिमिट. बाजार त्याच्या कितीतरी खाली. माझ्या भावाला घेणार कोण? ऑर्डर तशीच लटकत राहिली आणि मी समजत होतो सुटलो. तासाभराने बघितलं तर दोन्ही लॉट अंगावरच. हाताने विकले. बाराशेचा स्टॉप होता, गेले त्याच्या दुपटीहून जास्त.

पर्वती_पायथा
बाप रे. हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं ट्रिगर लागला की विषय संपला.

कर्वेनगरकर
माझा तर आणखी वेगळा घोळ. मी साधा एसएल लावत होतो. तो दिवसाअखेर आपोआप रद्द होतो हे मला दोन महिन्यांनी कळलं. दोन रात्री मी स्टॉपशिवायच झोपलो होतो म्हणायचं.

रविवार_पेठ
२०२४ चं बजेट आठवा. २३ जुलैला आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ वर आणलं. भाषण चालू असतानाच भाव ढासळायला लागला आणि त्या दिवशी दहा ग्रॅममागे चार हजारांच्या आसपास उतरला. जगात सोनं तसंच होतं, फक्त आपल्याकडे पडलं. बाजार उघडा होता म्हणून स्टॉप लागले तरी, पण मनासारख्या भावाला फार थोड्यांचे.

आकडेमोड
रात्रपाळींनी सांगितलेलं या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे. स्टॉप म्हणजे हमी नाही, विनंती आहे. बाजार उघडा असेल आणि समोर कुणी घेणारा असेल तरच ती पुरी होते.

दोन गोष्टी करता येतात. ट्रिगर आणि लिमिटमध्ये अंतर जरा मोकळं ठेवायचं. मी दहा ग्रॅममागे तीन-चारशे ठेवते. बाजार शांत असेल तर तसाही ट्रिगरच्या जवळच भाव मिळतो, लिमिट खाली ठेवली म्हणून खालचाच मिळतो असं नाही. पण दिवाळीसारखी दरी पडली तर तीन-चारशेही पुरणार नाहीत. तिथे उपाय एकच, रात्रीसाठी कमी ग्रॅम. मी दिवसाचं गणित एक टक्क्याने करते आणि रात्री ठेवायचं असेल तर अर्धंच ठेवते.

आणि अमेरिकेच्या फेडची, व्याजदर ठरवण्याची रात्र. त्यांचा निर्णय आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेअकराला येतो, हिवाळ्यात साडेबाराला. एमसीएक्स उन्हाळ्यात साडेअकराला बंद, हिवाळ्यात अकरा पंचावन्नला. म्हणजे बाराही महिने निर्णय आपलं दुकान बंद झाल्यावरच येतो. त्या रात्रीचा स्टॉप कागदावरचा.

खडकीचा_खडूस
आपल्याला १ ते ४ वरून नावं ठेवणाऱ्यांनी हे वाचावं.

तिरका_ऑप्शन
म्हणूनच मी फ्युचर सोडलं. मिनीवर ऑप्शन आहेत. कॉल घ्यायचा, जो प्रीमियम दिला तोच जास्तीत जास्त तोटा. दरी पडो, भूकंप होवो, शुल्क शून्य करोत. स्टॉप नको, जीटीटी नको, रात्री झोप.

आकडेमोड
दरीपुरतं मान्य. पण मिनीचा ऑप्शन म्हणजे पुन्हा शंभर ग्रॅम. भावाच्या जवळचा, महिनाभराचा कॉल दोन हजारांत मिळतो का सांगा. आणि लांबचा स्वस्त घेतला तर सोनं वर जाऊनही प्रीमियम विरघळतो. शिवाय दोन हजारांहून जास्त प्रीमियम दिला की एक टक्का मोडलाच.

तिरका_ऑप्शन
मग निम्म्या प्रीमियमला विकून टाकायचा.

आकडेमोड
म्हणजे स्टॉपच लावलात की!

तिरका_ऑप्शन
पण दरी पडली तर माझं उरलेलं निम्मंच जातं, तुमच्यासारखं कितीही नाही. या मुद्द्यावर मी हलणार नाही.

आकडेमोड
नका हलू. तो मुद्दा खरा आहे. माझं म्हणणं एवढंच की दोन लाखवाल्याला तो महाग पडतो. तुमच्याकडे जास्त असेल तर चालेल.

पर्वती_पायथा
संध्याकाळच्या अमेरिकेच्या आकड्यांचं काय? मला नेहमी त्याच वेळी स्टॉप लागतो. सात वाजले की चांदी नुसती उड्या मारते.

रात्रपाळी
हो, महागाईचे नि नोकऱ्यांचे आकडे आता हिवाळ्यात सातला येतात, उन्हाळ्यात सहाला. पहिल्या दोन-तीन मिनिटांत भाव दोन्हीकडे जातो. मी त्या दिवशी सहानंतर नवीन काही घेत नाही, साडेसातनंतर बघतो. आधीचं अंगावर असेल तर स्टॉप हलवत नाही. एकदा आकड्यांच्या आधी घाबरून स्टॉप जवळ आणला होता, तो लागला आणि मग भाव वर. जाणूनबुजून दोनशेवाला झालो.

कर्वेनगरकर
'दोनशेवाला' असं माझं नाव पडलंय तर.

बटाटावडा
एक विचारू का? पूर्ण आकड्याच्या थोडं खाली स्टॉप लावावा म्हणतात. १,२२,००० च्या खाली, १,२१,९९०. ते कितपत खरं?

आकडेमोड
सगळे तिथेच लावतात म्हणूनच तिथे जोरात ठोका बसतो. मी पूर्ण आकड्यापासून दीड-दोनशे आणखी खाली जाते आणि त्याप्रमाणे ग्रॅम कमी करते. पण याला माझ्याकडे पुरावा नाही, सवय आहे.

रविवार_पेठ
एक राहिलं. पेटल महिनाअखेरीला संपतो, मिनी पाच तारखेला. दोन्हींत डिलिव्हरी सक्तीची. शेवटच्या दिवसांत टेंडर पिरियड लागला की मार्जिन वाढतं, दलाल फोन करायला लागतात. त्याच्या आधीच पुढच्या महिन्यात जा. आणि जुन्या महिन्यावर लावलेला जीटीटी रद्द करून नव्यावर परत लावा. हे विसरणारे मी रोज बघतो.

सुमेधाची_आई
रविवार पेठ भाऊ, तुम्ही सांगितलं तसं केलं. समोर वितळवा म्हटल्यावर दुकानदार आधी म्हणाला भट्टी बंद आहे. मी उठले तर लगेच चालू झाली. घट एक ग्रॅमच्या थोडा वर निघाला. अडीचचा एक झाला. माझा लॉस स्टॉप झाला बरं का!

बटाटावडा
या धाग्यावर आतापर्यंत खरा नफा एकट्या सुमेधाच्या आईंनी काढलाय.

कर्वेनगरकर
चार दिवसांनी येतोय. सोमवारी एटीआर बघून ग्रॅममागे एकशे दहाचा स्टॉप ठरवला. सोळा पेटल घेतले. लिमिट ट्रिगरच्या चाळीस खाली ठेवली, म्हणजे दहा ग्रॅमवर चारशे, बरोबर ना? मंगळवारी दुपारी भाव ग्रॅममागे ऐंशी खाली गेला. जुन्या हिशोबाने दोनदा बाहेर फेकलो गेलो असतो. बुधवारी साठ वर विकले. नऊशे साठ आले, खर्च जाऊन पावणेनऊशेच्या आसपास. बायको म्हणाली एवढ्यासाठी रोज रात्री बारापर्यंत जागत होतास?

आता प्रश्न असा, १० डिसेंबरला फेड आहे. रात्री सोळाचे आठ करून ठेवू की पूर्ण मोकळा होऊ?

रात्रपाळी
आठ.

आकडेमोड
मोकळे व्हा. अकरा तारखेला सकाळी नऊला बाजार असेलच.

तिरका_ऑप्शन
कॉल.

खडकीचा_खडूस
बायकोला विचारा.